आंब्याच्या तोडीची तारीख मिळवताना

राजापूर तालुक्यातल्या बागेत मुलांना हापूसची तोड दाखवावी, एवढीच आमची इच्छा होती. ती पुरी व्हायला दोन उन्हाळे लागले आणि पहिला उन्हाळा वाया गेला, याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्या वर्षी एका घरगुती निवासाच्या मालकांना फोनवर विचारले, "मेच्या तिसऱ्या आठवड्यात आंबा असेल ना?" "असेल की, या," असे उत्तर आले, आणि आंबा खरोखरच होता, पण ताटात. बागेतली चांगली तोड आटोपली होती. वळवाच्या पावसाच्या धास्तीने उरलेला माल घाईने कॅनिंगसाठी काढून नेला होता, आणि मुलांनी चार दिवस रिकाम्या फांद्या पाहिल्या. मालक खोटे बोलले नव्हते; माझा प्रश्नच चुकीचा होता. आंबा आहे का, असे विचारायचे नसते, तोड कधी आहे, असे विचारायचे असते.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या एका बागायतदार काकांना जानेवारीपासून तोच प्रश्न विचारू लागलो. उत्तर ठरलेले असे: "बघू." फेब्रुवारीत पुन्हा "बघू." इकडे कोकण रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते आणि उन्हाळी सुटीत थोडक्या वेळात वेटिंगवर जाते, त्यामुळे त्या एका शब्दाने माझा जीव टांगणीला लागे. शेवटी मी जरा चिडूनच बोललो, तेव्हा काका म्हणाले, "अहो, मोहोर काय एकदम येतो होय? तुम्हाला कुठल्या मोहोराचा आंबा पाहिजे ते तरी सांगा."

खरी किल्ली इथेच होती. हापूसला मोहोर दोन-तीन टप्प्यांत येतो, आणि फळ धरल्यापासून तोडीला येईपर्यंत साधारण तीन ते साडेतीन महिने जातात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोहोराची फळे मार्च-एप्रिलमध्ये निघतात, म्हणजे शाळकरी मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत. जानेवारीच्या मोहोराची फळे एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतात, आणि शाळेत जाणारी मुले असलेल्यांच्या उपयोगाची तोड तीच. त्यानंतर थांबणे म्हणजे पावसाशी पैज लावणे. ऑक्टोबरात पाऊस लांबला किंवा थंडी उशिरा पडली, तर हे सगळे गणित पुढे सरकते, म्हणून आदल्या वर्षीच्या तारखेवर विसंबता येत नाही.

मग माझ्या लक्षात आले की, साठ दिवसांची जी अट मला जाचक वाटत होती तीच सोयीची आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काकांना विचारले, "जानेवारीच्या मोहोराच्या कैऱ्या केवढ्या झाल्या?" "लिंबाएवढ्या," असे ते म्हणाले, आणि मोजून सांगितले की मेच्या पहिल्या आठवड्यात तोड धरायला हरकत नाही. त्याच दिवशी तिकिटे काढली. तोडीचा नेमका दिवस मात्र मजूर आणि वाशीला जाणारी गाडी यांवर ठरतो, म्हणून मुक्काम किमान चार दिवसांचा ठेवावा. आम्हाला तोड तिसऱ्या दिवशी मिळाली.

सकाळी ऊन चढण्याआधीच काम सुरू झाले. झाडावर चढणे मुलांना मना होते, आणि ते योग्यच होते. खालच्या फांद्यांसाठी नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती आखूड झेला दिला: बांबूच्या टोकाला जाळी आणि पाते. आंबा जाळीत घ्यायचा आणि दोन बोटे देठ ठेवून कापायचा. तिने पहिले तीन आंबे ओढून काढले, देठ मुळातून तुटले आणि चीक सालीवर ओघळला. काकांनी काही न बोलता ते तिन्ही बाजूला ठेवले. चौथ्यापासून तिचा हात बसला.

तयार फळ ओळखायला काकांनी दोन खुणा सांगितल्या: देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर येतात आणि गडद हिरवा रंग फिका होतो. मुलांना मात्र बादलीची परीक्षा आवडली. तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. दुपारी काकूंबरोबर त्यांनी आकारानुसार आंबे वेगळे केले आणि भाताच्या पेंढ्यात आढी लावली. काजूच्या झाडाखाली पडलेल्या बोंडांच्या बिया पिळून काढायलाही मुलांना दिल्या, पण कच्ची बी फोडू दिली नाही, कारण टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. हे आधी सांगायला हवे होते: लहान मुले असतील तर काजूजवळ त्यांना एकटे सोडू नका.

ते तीन आंबेही आम्ही मागून घेतले आणि पेटीत वेगळे बांधून पुण्याला आणले. दोन दिवसांत चीक लागलेल्या जागी सालीवर काळे ओघळ उमटले, आणि नवव्या दिवशी पेटीतले बाकीचे आंबे पिवळे होत असताना त्या तिघांपैकी दोन देठाकडून कुजले होते. मुलीने तिसरा कापून खाल्ला.