खाली इंग्रजी मजकूर आहे

"ऑफिसच्या मेलमध्ये तुम्ही कधी मराठी लिहिता, कधी इंग्रजी, कधी दोन्ही. हे ठरवता कसं? सरळ सगळंच दोन्ही भाषांत लिहून मोकळं का होत नाही?"

तशीच मोकळी होत होते मी, म्हणून तर एका गुरुवारी फसले.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी एचआर आणि ॲडमिन बघते. आमची आठवड्याची सुट्टी गुरुवारची. ऑर्डरची घाई होती म्हणून एक गुरुवार चालू ठेवून बदल्यात रविवारी सुट्टी द्यायचं ठरलं. माझ्या मेलच्या यादीत सव्वीस जण: सुपरवायझर, स्टोअर, गेट, कँटीनवाले, क्वालिटीचे तमिळ साहेब आणि चेन्नईच्या हेड ऑफिसात पगार काढणाऱ्या दोघी. मी वर इंग्रजी, खाली मराठी असा छान मेल लिहिला. पहिली शिफ्ट सकाळी 7 ला.

दुसऱ्या दिवशी बसवाला म्हणाला, गुरुवारी गाड्या 7 ला जमणार नाहीत, 8 ला देतो. मी आधीच्याच मेलवर रिप्लाय ऑल केलं आणि इंग्रजीत एक ओळ टाकली की पहिली शिफ्ट 7 ऐवजी 8 ला सुरू होईल. मराठीत तीच ओळ लिहायची राहून गेली. विसरले असंही नाही, एवढंसं तर आहे, कळेल सगळ्यांना, असं वाटलं.

आमच्या लाइनवरच्या माणसांना कंपनीचा मेल आयडी नाही. सुपरवायझर मेल उघडतो, स्क्रीनशॉट काढतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. दोन सुपरवायझरांनी नव्या मेलच्या पोटातला जुना मराठी भाग शोधला आणि त्याचा स्क्रीनशॉट टाकला, कारण ग्रुपवर मराठीच लागते. गुरुवारी पावणेसातला अकरा माणसं स्वतःच्या गाड्यांवर गेटवर हजर. कँटीन बंद, चहा नाही. त्यांतल्या एका काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "मॅडम, तुमच्याच मेलमध्ये सात लिहिलंय." होतंच. त्या सगळ्यांची हजेरी मी सातपासून लावायला लावली.

एकच गोष्ट दोन भाषांत लिहिली की दोन मजकूर सांभाळावे लागतात. पहिल्या मेलला आपण ते मन लावून करतो. पण दुरुस्तीचा मेल घाईत जातो, आणि घाईत हाताला जी भाषा सवयीची तिच्यातच जातो. चूक त्या दुसऱ्या मेलात होते.

म्हणून आता लिहायच्या आधी मी एवढंच बघते, की हा मेल वाचून जागचं हलायचं कोणाला आहे. शिफ्ट, बस, कँटीन, पाण्याची टाकी धुणं, यात हलणारी माणसं मराठी वाचणारी. मग मेल मराठीत, आणि चेन्नईसाठी इंग्रजीत दोनच ओळी: गुरुवारी काम, रविवारी सुट्टी, हजेरीत तसा बदल करा. त्यांना बसच्या वेळेशी काय करायचंय? पगाराचा हिशेब, ऑडिट, ग्राहकाची तक्रार हे मेल पुढे अजून चार जणांकडे फॉरवर्ड होणार असतात. ते सरळ इंग्रजीत. तिथे मराठी परिच्छेद टाकला तर तो पुढच्या माणसाला नुसता अडथळा होतो.

पूर्ण मजकूर दोन्ही भाषांत असे मेल माझ्याकडे महिन्यात दोन-तीनच निघतात. दोन्हीकडच्या लोकांना स्वतंत्रपणे काही करायचं असेल तेव्हा, किंवा नोटीस गेटवर लागणार असेल तेव्हा. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 108 नं गेटजवळच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितलं होतं. तेव्हा तिथे माझ्या आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता.

असे मेल लिहिताना मराठी वर ठेवते. कारण तो स्क्रीनशॉट. फोनवर पहिल्या पडद्यात मावेल तेवढंच ग्रुपवर जातं. लॅपटॉपवर वाचणारा साहेब खाली सरकवू शकतो. मात्र सगळ्यात वर इंग्रजीत एक ओळ असते, की खाली इंग्रजी मजकूर आहे. ही ओळ नव्हती तेव्हा तमिळ साहेब मराठी दिसलं की मेल बंद करायचे. त्यांचा दोष नाही, आपल्यासाठी नसेल असंच कोणालाही वाटणार.

तारीख, वार आणि वेळ मी दोन्ही मजकुरांतून काढूनच टाकली. ती मध्ये एकदाच येते, आकड्यांत, 1-2-3 वाले आकडे, दोन्ही भाषांना सामाईक. 'साडेसात' कितीही गोड वाटला तरी तिथे 7.30. वेळ बदलली तर बदलायची जागा एकच राहते. आणि बदल जुन्या मेलवर रिप्लाय म्हणून पाठवायचा नाही. नवा मेल करायचा, सब्जेक्टमध्ये आधी 'बदल' हा शब्द, आणि आतला मजकूर पूर्ण.

मराठी म्हणजे कुठली मराठी, हाही एक घोळच. माझ्या आधीच्या नोटिसांत 'सदर पाळीतील कर्मचाऱ्यांनी नोंद घ्यावी' असं असायचं. लाइनवर पाळी म्हटलं की मुली तोंडाला ओढणी लावून हसतात, तिथे शिफ्टच म्हणतात. ओव्हरटाइमला ओटी, बदली सुट्टीला सी-ऑफ. 'सदर' तर कोणीच म्हणत नाही. सुपरवायझरला जी मराठी वाचून परत सोपी करून सांगावी लागते, तिच्यापेक्षा इंग्रजी बरी.

मेल चालू इंग्रजीत असताना मधेच मराठीत उत्तर देणं मी बंद केलंय. आठ जणांच्या मेलवर आम्ही दोघी चिडून मराठीत एकमेकींना उत्तरं देत होतो, विषय होता हातमोज्यांचा साठा. तमिळ साहेब संध्याकाळी टेबलाशी येऊन विचारून गेले, माझ्याबद्दल काही चाललंय का? आता चिडायचं असेल तर फोन उचलते.

वॉर्निंग लेटरसारख्या कागदावर दोन्ही मजकूर आणि खाली 'फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा' असं वकील लिहायला सांगतात. कोर्टाच्या दृष्टीनं ठीक असेल. पण शिफ्टच्या मेलवर हे वाक्य मी लिहू देत नाही. ज्याला मराठीच वाचता येते त्याला आपण मराठी दिली, तर त्यात लिहिलेलं आपल्याला बांधील. पावणेसातला गेटवर उभ्या माणसाला हे वाक्य दाखवायची माझी हिंमत नाही.

अलीकडे काँट्रॅक्टरकडे बिहार आणि ओडिशाची मुलं वाढली आहेत. मेल त्यांच्यापर्यंत पोचतो, पण वाचला काय जातो ते सांगता येत नाही. 'यंत्रणा' म्हणजे मराठीत व्यवस्था, हिंदीत यातना. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण. लिपी एकच असल्यामुळे त्यांना वाटतं समजलं. म्हणून तिसरा मजकूर लिहीत बसत नाही. ग्रुपवर मराठी मेलचा फोटो गेला की मागोमाग त्यांच्यातलाच एक जुना मुलगा हिंदीत अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकतो. टाकण्याआधी तो मला ऐकवतो, आणि मी फक्त दोन गोष्टी ऐकते: वार आणि वेळ.