आमची वाटचाल: ‘उद्या सकाळी येतो’पासून पुढे

आमचे वडील गवंडी. धाब्याची घरं बांधायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव धाब्यांवर खारी माती टाकायचे. म्हणजे गळती थांबवणं हा आमच्या घरचा जुनाच धंदा म्हणा. स्लॅबची घरं आली, धाबी गेली, गळती मात्र राहिली. २०११ साली मी जळगावात वॉटरप्रूफिंगचं काम सुरू केलं तेव्हा माझ्याकडे एक मोटारसायकल, दोन माणसं आणि कोबा घालायचं सामान होतं. आज पाहणीसाठी एक गाडी आहे, नऊ माणसं आहेत, आणि पारोळा, अमळनेर, चोपडा, सावदा, रावेर असा आमचा फेरा असतो.

या वर्षांत केमिकलं बदलली, मशिनं आली, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. धंद्याला खरं वळण मिळालं ते पाहणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पाठवतो त्या एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशामुळे. तो कसा तयार झाला तेच सांगतो.

२०१९ ची गोष्ट. पारोळ्यात एक दुमजली घर. खाली मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणत. वर भाडेकरू, शाळेत शिक्षक. खालच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आलेली, प्लॅस्टर फुगलेलं, मध्यभागी थेंब. मी फोनवर नेहमीसारखं म्हणालो, “उद्या सकाळी येतो.” जळगाव ते पारोळा साठेक किलोमीटर. तेव्हा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम चालू होतं. त्यात निघतानाच शहरात एक काम निघालं. पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. आप्पा ओट्यावरच बसलेले. “भाऊ, आठ वाजापाईन वाट देखी ऱ्हायनू,” एवढंच म्हणाले. वर कुलूप होतं, सर शाळेत. बाथरूम बघायचं तर ते बंद, टाकीचा व्हॉल्व्ह गच्चीवर आणि गच्चीचा जिना सरांच्या दारातून. खालून छत बघून, टॉर्च मारून परत आलो. डिझेल गेलं, दिवस गेला, निदान काहीच नाही.

दुसऱ्या वेळी शहाणपणा केला आणि वेळ लिहून पाठवली: “सकाळी ९ ते १०.३०.” पावणेदहाला पोचलो आणि सर शर्टाची बटणं लावत जिना उतरत होते. त्यांना वाटलं होतं की नऊला सुरू होऊन साडेदहाला सगळं उरकेल आणि आम्ही नऊलाच हजर असू. मला म्हणायचं होतं की या दीड तासात केव्हाही पोचू. चूक माझीच. तेव्हापासून संदेशात दोन वेगळी वाक्यं असतात: पोचायची वेळ अमुक ते अमुक, आणि पोचल्यापासून पाहणीला इतका वेळ.

पोचायची वेळ किती रुंद ठेवायची याचाही हिशेब बसवावा लागला. दिवसाची पहिली पाहणी असेल तर तासाभराची पुरते, कारण घरून निघायचं आपल्या हातात असतं. दुसरी पाहणी असेल तर पहिलीचं शेपूट तिला लागतं, म्हणून दोन तास. तिसरी आम्ही घेतच नाही. उन्हाळ्यात तर दहानंतर गच्चीवर उभं राहणं आमच्याकडे शक्य नाही, म्हणून मे महिन्यात एकच सकाळची, फार तर एक पाचनंतरची.

तिसऱ्या खेपेला आप्पांना जो संदेश गेला तो मी अजून ठेवला आहे:

“नमस्कार आप्पा. उद्या बुधवारी गळतीच्या पाहणीला येतो. पोचायची वेळ सकाळी ७ ते ८ च्या दरम्यान. पोचल्यापासून साधारण दोन तास लागतील. जळगावहून पावणेसहाला निघताना फोन करतो. रस्त्याचं काम सुरू असल्याने एकेरी वाहतुकीत अर्धा तास जाऊ शकतो. आठपर्यंत पोचणं होणार नाही असं दिसलं तर साडेसातच्या आत कळवतो. साडेआठ उलटले तर सरांची शाळेची वेळ होते, म्हणून पाहणी त्या दिवशी न करता रविवारी करू. घरी हवेत: तुम्ही, वहिनी, आणि वर सर. आज रात्री नऊपासून आम्ही येईपर्यंत वरचं बाथरूम वापरू नये, पण टाकीचा व्हॉल्व्ह चालूच ठेवावा. कृपया नावासकट ‘हो’ असं कळवा.”

उशिराबद्दलचा भाग जरा मोठा वाटेल. पण “थोडा उशीर होऊ शकतो” असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. वाट बघणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: उशीर कशाने होईल, तो आपल्याला किती वाजता कळेल, आणि कुठल्या वेळेनंतर वाट बघणं सोडून द्यायचं. शेवटची गोष्ट लिहायला ठेकेदार बिचकतो, कारण तीत आपलंच नुकसान आहे. पण माणूस दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिला तर नुकसान त्याचं होतं, आणि काम तो मग दुसऱ्याला देतो.

कारणही त्या रस्त्याचंच असावं. सावदा-रावेरकडे केळीची तोडणी जोरात असली की ट्रक आणि ट्रॅक्टरच्या मागे गाडी रखडते, तेव्हा तसं लिहितो. चोपड्याच्या बाजूला पावसाळ्यात वेगळंच. तिकडच्या एका गावाच्या अलीकडे नाल्यावर फरशी पूल आहे. वर सातपुड्यात पाऊस झाला की आमच्याकडे ऊन असताना फरशीवरून पाणी वाहतं. एकदा आम्ही त्या पाण्यासमोर अडीच तास उभे राहिलो. आता अशा गावाला संदेशातच विचारतो: “सकाळी सहाला फरशीवर पाणी आहे का, एवढं कळवा. असेल तर आम्ही निघणार नाही.” ही माहिती जळगावात बसून मला मिळत नाही, गावातल्या माणसाला दूध घालायला जाताना दिसते.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो कोण हजर हवं हे लिहिल्याने. पूर्वी मी “घरी कुणीतरी असू द्या” म्हणायचो. ते कुणीतरी म्हणजे हमखास ज्याला काही माहीत नाही असा पाहुणा. आता माणसागणिक कारण ठरलेलं आहे. घरमालक खर्चाच्या निर्णयासाठी. निर्णय पुण्यातला मुलगा घेणार असेल तर त्या वेळेत त्याने फोन उचलावा. वहिनी मात्र गळतीच्या माहितीसाठी. पुरुष माणूस सांगतो, “कायमच गळतं.” छताखाली पातेलं ठेवणारी बाई सांगते की सकाळी आंघोळी झाल्या की थेंब वाढतात आणि वरचे लोक गावाला गेले होते तेव्हा पातेलं कोरडं होतं. अर्धं निदान त्यातच असतं.

नळाच्या पाइपात कायम दाब असतो. तो फुटला असेल तर बाथरूम वापरा न वापरा, थेंब चालूच राहतात. सांडपाण्याच्या बाजूला दोष असेल तर वापर थांबवला की थेंब हळूहळू मंदावतो. म्हणून तर रात्री नऊपासून बाथरूम बंद आणि व्हॉल्व्ह चालू. ही सूचना संदेशात नसेल तर आम्ही वेळेवर पोचूनही उपयोग नाही, रात्रीचे दहा-अकरा तास वाया गेलेले असतात.

त्या बुधवारी आम्ही सात वाजून वीस मिनिटांनी पोचलो. वहिनी म्हणाल्या, पहाटेपासून पातेल्यात जेमतेम तळ ओला झालाय. म्हणजे नळाच्या पाइपावरचा संशय उतरला. वर जाऊन न्हाणीची जाळी काढली, तोंड बुचाने बंद केलं, फरशीवर बोटभर पाणी भरलं आणि त्यात लाल रंग टाकला. तासभर खाली काही नाही. मग बूच काढलं. पाणी खळखळत गेलं आणि अठराव्या मिनिटाला छताच्या फुगलेल्या प्लॅस्टरमधून गुलाबी थेंब पडला. म्हणजे जाळीखालच्या ट्रॅपच्या जोडावर दोष.

पण फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपायला तासापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, त्यामुळे फरशीत दोष नाही असं लगेच म्हणता येत नव्हतं. पुन्हा बूच लावून पाणी भरून ठेवलं. सरांनी संध्याकाळपर्यंत बाथरूमला हात न लावण्याचं कबूल केलं, वहिनींनी सहा वाजता छताचा फोटो पाठवला. आम्ही सकाळी पेन्सिलने आखलेल्या रेषेच्या बाहेर ओल गेली नव्हती. म्हणून अख्खं बाथरूम न फोडता ट्रॅपभोवतीची दीड-दोन फूट जागा फोडली. खर्च अंदाजाच्या एक चतुर्थांशात आला. मला कमी मिळाले, हे खरं.

वरच्या माणसाला संदेश आम्ही स्वतंत्र पाठवतो. मालकाने स्वतःला आलेला संदेशच वर पाठवला की तो आरोप वाटतो, मग वरचं दार उघडत नाही. त्या संदेशात एक जास्तीचं वाक्य असतं: “गळती कुठून होते हे अजून ठरलेलं नाही, तेच बघायला येत आहोत.” सरांनी नंतर सांगितलं, या वाक्यामुळेच त्यांनी सकाळ मोकळी ठेवली.

संदेश संध्याकाळी सहाला जातो. आठपर्यंत उत्तर नसेल तर पुतण्या फोन लावतो. निळ्या खुणेला आम्ही होकार धरत नाही. उत्तर आलं नाही, फोनही लागला नाही, तर पाहणी रद्द समजा असं लिहून पाठवतो आणि त्या बाजूला गाडी काढत नाही.

‘नावासकट हो’ची अट सगळीकडे लावायची मात्र माझ्याकडून राहून गेली होती. गेल्या पावसाळ्यात सावद्याच्या एका घरासाठी छान ‘हो’ आला, हात जोडलेल्या चिन्हासह. वेळेत पोचलो तर दाराला कुलूप. फोन केला तर कळलं, ‘हो’ नाशिकच्या मुलीने पाठवला होता. आई-वडील तिच्याकडेच गेलेले. तिला वाटलं, आम्ही बाहेरूनच बघून घेऊ. पुतण्याने गाडीतच बसून संदेशाच्या नमुन्यात एक ओळ घातली: “उद्या दार कोण उघडणार, त्यांचं नाव आणि नंबर.”