मनीच्या तोंडातला दोरा मी ओढला का नाही

"तोंडात दोरा दिसत होता म्हणता, मग ओढून का नाही काढला? एका दोऱ्यासाठी नागपूरले नेऊन मांजरीचं पोट फाडायची काय गरज होती?"

किराणा दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, आणि प्रत्येक वेळी माझं अर्धं ऐकून होत नाही तोवर लोकं म्हणतात की आमच्या मांजरीनं तर गोणपाटाची सुतळी खाल्ली होती, दुसऱ्या दिवशी निघून गेली. गेली असेल, मी खोटं म्हणत नाही. छोटा तुकडा असला, कुठं अडकला नाही, तर शीवाटे निघून जातो. पण मनीचा दोरा अडकलेला होता, आणि सगळा फरक तिथंच आहे, म्हणून यावेळी पूर्ण लिहूनच काढते.

तान्हा पोळा होता. पुतण्याचा लाकडी नंदी सजवला होता, गळ्यात चमकीची झालर, ती लाल नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली. पोरं बोजारा मागून आली, नंदी ओसरीवर ठेवला आणि जेवायला बसली. मांजरीला लोंबणारी चमकी दिसली की ती सोडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. जे माहीत नसतं ते असं की दोरा एकदा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही. मांजर हात चाटते तेव्हा जीभ खरखरीत लागते ना, ते बारीक काटे सगळे घशाकडे वळलेले असतात. तोंड हलवलं की दोरा आतच सरकतो. मनी काही हावरट नव्हती, एकदा सुरू झालेला दोरा तिला गिळावाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उलटी. तिसऱ्या प्रहरी परत, मग रात्री पिवळा फेस. भाकर-दूध समोर ठेवलं तर वास घेऊन तोंड फिरवलं, पाणी प्यायली तेही उलटून टाकलं. धान्याच्या कोठीमागं जाऊन पाठ वर काढून, पाय पोटाखाली घेऊन बसून राहिली, उचलायला गेले तर पोटाला हात लागताच ओरडली. आमच्या मनीनं मला कधी नख मारलं नव्हतं, त्या दिवशी मारलं. हनुवटी लाळेनं ओली आणि मधूनमधून पंजानं तोंड पुसत होती, जसं काही टोचून राहिलं आहे.

शेजारचे काका आले. जनावरातलं कळतं त्यांना, बैलांच्या बाबतीत मी त्यांचंच ऐकते. त्यांनी तिचं तोंड उघडलं, खालून हनुवटीच्या मधे अंगठा दाबून जीभ वर उचलली, आणि जिभेच्या बुडाशी लाल दोरा दिसला. जिभेखालच्या त्या पातळ पडद्याला मधोमध आडवा अडकलेला, दोन्ही टोकं घशात गेलेली, भोवती सूज. "ओढ ना वो पोरी, काय पाहून राहिली? एक झटका देला का निघते," काका म्हणाले, आणि बोटं घातलीच होती त्यांनी, मी हात धरला. मी काही शहाणी म्हणून नाही. आमच्या सरकारी दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांना फोन लावलेला होता आणि स्पीकरवरून ते ओरडले, "ताई, हात नका लावू, ओढूही नका आणि कापूही नका, खायला काही देऊ नका, नागपूर गाठा."

काकांना राग आला. अजूनही आहे.

आता ओढल्यानं काय झालं असतं ते सांगते, जसं मला डॉक्टरनं ऑपरेशननंतर समजावलं. परकराच्या नेफ्यातली नाडी एका टोकाला धरून ठेवली आणि कापड पुढं पुढं सारत गेलं तर काय होतं? कापडाच्या चुण्या पडत पडत सगळा घेर एका जागी गोळा होतो आणि नाडी ताणून जाते. मनीच्या पोटात तेच चाललं होतं. दोऱ्याचा मधला भाग जिभेखाली पक्का बसला, बाकीचा पोटातून आतड्यात उतरला. आतड्याचं काम आहे आत आलेलं पुढं ढकलणं, ते ढकलत राहतं, पण दोरा जात नाही कारण वरून बांधलेला आहे, मग आतडंच त्या दोऱ्यावर चढत जातं. चुणीवर चुणी. दोरा जितका ताठ होतो तितका तो आतड्याच्या आतल्या वळणावर रुततो, आतडं प्रत्येक वेळी हललं की थोडासा घासतो, आणि घासत घासत आरपार कापतो, तेही एकाच जागी नाही, ओळीनं बऱ्याच ठिकाणी. मग आतली घाण पोटाच्या पोकळीत. तिथून मांजर वाचणं फार कठीण. गोटी किंवा कवच गिळलं तर ते एका जागी अडतं, दोरा आतड्याचा लांबच्या लांब पट्टा खराब करतो. आणि अशा ताणलेल्या दोऱ्याला तोंडाकडून नाहीतर शेपटीखालून झटका द्यायचा म्हणजे जे कापणं हळूहळू चाललं होतं ते एका क्षणात करून टाकायचं. शीच्या जागेतून टोक लोंबताना दिसलं तरी तोच नियम, कारण ते टोक सुटं आहे की वर जिभेपर्यंत ताणलेलं आहे हे बाहेरून कळत नाही.

माझ्या मावशीच्या मांजरीचा दोरा तसाच मागून ओढला होता, वीतभर आला, तुटला, सगळ्यांना वाटलं सुटली. दोन दिवसांनी गेली. ओढल्यामुळंच गेली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आधीच कापलेलं असेलही. पण मला तो तुटलेला दोरा आठवत होता जेव्हा मी काकांचा हात धरला.

नागपूरपर्यंतचा रस्ता सांगत बसत नाही, पाऊस होता, टोपलीवर ओढणी बांधलेली होती आणि मनी ओरडत नव्हती याचंच मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं किती चुकीचं असतं ते तिथं कळलं. डॉक्टर म्हणाले की उलट्या थांबल्या, मांजर शांत झाली, कान-पंजे थंड लागायला लागले, हिरड्या पांढुरक्या दिसल्या की समजायचं वेळ संपत आली. आतडं फुटलं की मांजरीला ताप येईलच असं नाही, बऱ्याचदा उलट अंग थंड पडतं. आमच्याकडं ते व्हायचं होतं अजून.

एक्सरेत दोरा दिसत नाही. मलाही नवल वाटलं, पण सुताचा काय, नायलॉनचा काय आणि प्लास्टिकची चमकीही, फिल्मवर उमटत नाही, सुई असती तर दिसली असती. दिसली ती आतडी. पोटभर पसरलेली पाहिजेत, ती एका बाजूला गोळा झालेली आणि मधे मधे स्वल्पविरामासारखे हवेचे बारीक बुडबुडे. मग सोनोग्राफीत त्या चुण्या स्पष्ट. सलाईन लावून आधी तिच्या अंगातलं पाणी भरून काढलं, मग भूल. पहिलं काम तोंडात केलं, जिभेखालचा दोरा कापला, म्हणजे वरचं बंधन सुटलं. ते तसं न करता खालून ओढत बसलं तर काहीच सुटत नाही. नंतर पोट उघडलं. जठरात चमकीचा गोळा होता तो काढला, आणि आतड्याला दोन-तीन ठिकाणी चीर देऊन दोरा तुकड्यातुकड्यानं बाहेर घेतला. तुकड्यातुकड्यानं. उघड्या पोटात, डोळ्यासमोर आतडं असतानाही डॉक्टर तो एका टोकानं ओढत नाहीत, आणि तुम्ही मला म्हणता तोंडातून का नाही ओढला. एका जागी आतडं काळपट आणि पातळ झालं होतं, फाटलं नव्हतं. फाटलं असतं तर तेवढा भाग कापून दोन टोकं जोडावी लागली असती.

घरी आणल्यावरही संपत नाही. टाक्यातून गळती व्हायची भीती तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत सगळ्यात जास्त, म्हणून ती खाते का, परत उलटी करते का, पोट दुखतं का हे सारखं पाहायचं. काकूनं मायेनंच दुखण्याची गोळी आणून दिली होती, माणसांची, पॅरासिटामॉल. मी परत केली. त्या गोळीचा छोटा तुकडाही मांजरीचा जीव घेऊ शकतो. आणि तूप किंवा तेल पाजायचं म्हणत होते सगळे आधी, "सरकून जाईन". बांधलेला दोरा तुपानं सरकत नाही, आणि उलट्या करणाऱ्या मांजरीला जबरदस्तीनं तेल पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

आता पोट फाडायची गरज होती का, यावर मात्र माझं माझ्याशीच भांडण आहे. डॉक्टरनंच सांगितलं की कधीकधी नुसता जिभेखालचा दोरा कापतात आणि मांजरीला दवाखान्यात ठेवून पाहतात, बंधन सुटल्यावर बाकीचा दोरा आपोआप पुढं जातोही. पण ते केव्हा, तर मांजरीनं नुकताच गिळला आहे, खेळकर आहे, पोट दुखत नाही तेव्हा. आणि तेही घरी नाही, कारण घरी कापला तर टोक आत जातं आणि पुढं काय चाललं ते कोणालाच दिसत नाही, शिवाय जठराच्या तोंडाशी गोळा अडकलेला असला तर वरचं कापून काही उपयोग नसतो. मनीच्या जठरात तसाच गोळा होता. मग उत्तर मिळालं ना? पण तो गोळा पोट उघडल्यावर दिसला, आधी नाही. त्या रात्री बाकावर बसून मी हाच विचार करत होते की सोयाबीन अजून शेतात आहे, हातउसने घेतलेत, एक दिवस पाहावं का. डॉक्टरनं पोटाला हात लावून दाखवला, मनी गुरगुरली, आणि मी हो म्हटलं. आज कोणी म्हणालं की त्या पैशात शेळी आली असती, तर हो, आली असती. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

लोकं म्हणतात मांजर तर उलट्या करतच राहते, कसं ओळखायचं. केसांचा गोळा टाकते आणि दहा मिनिटांनी ताटलीपाशी येऊन म्याव करते ती मांजर ठीक आहे. उलटी परत परत होते आणि त्यासोबत खाणं सुटलं, ही जोडी दिसली की थांबायचं नाही, मग तुम्ही दोरा गिळताना पाहिलं असो की नसो. थोडी शी झाली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, दोऱ्यानं रस्ता बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाही, बाजूनं थोडं थोडं जात राहतं आणि म्हणूनच पहिला दिवस फसवा जातो. जीभ उचलून पाहा, दिसला तर सांगायला सोपं जाईल. नाही दिसला तरी नाहीच असं समजू नका, सुजेखाली लपतो, नाहीतर खाली जठरात अडकलेला असतो. गावातल्या दवाखान्यात पोट उघडायची सोय नसेल, बहुतेक नसतेच, पण फोन केला तर पुढं कुठं न्यायचं ते सांगतात, आणि नागपूरला आणि अकोल्याला पशुवैद्यकीय शिक्षणाच्या सरकारी संस्था आहेत.

काका मागच्या आठवड्यात परत म्हणाले, एक झटका देला असता तर पैसे वाचले असते. यावेळी मी वाद घातला नाही, मोबाईलमधला एक्सरेचा फोटो दाखवला, आतडी कुठं गोळा झाली ते बोटानं दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "यात दोरा कुठं आहे?"