आमची वाटचाल: लग्नाच्या कॅसेटपासून बोलत्या काडीपर्यंत

तासगावात आमचा स्टुडिओ २०११ साली सुरू झाला. हे कॅमेरा घेऊन मांडवात आणि मी मागच्या खोलीत एडियसवर व्हिडिओ जोडत. साखरपुडा, हळद, लग्न, बारसं. लोक अजूनही 'लग्नाची कॅसेट' म्हणायचे आणि आम्ही पेनड्राइव्ह द्यायचो. मार्च २०२० मध्ये सगळी लग्नं थांबली. पुढं सुरू झाली तेव्हा निम्मं काम भाच्या-पुतण्यांच्या मोबाइलवर गेलं होतं.

पॉडकास्टचं काम आम्ही शोधायला गेलो नव्हतो. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर लॉकडाउनपासून द्राक्षबागेवर नुसत्या आवाजाचा कार्यक्रम करत होते. त्यांच्या मुलाखतींत एक बागायतदार आबा कायम असत. २०२४ मध्ये गुगल पॉडकास्ट बंद झालं आणि सरांचे ऐकणारे विखुरले. यूट्यूबला फीड जोडलं की भाग आपोआप चढतो, पण पडद्यावर तेच एक चित्र तासभर स्थिर राहतं. सर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "वहिनी, याला काहीतरी हलतं करून द्या."

पहिला भाग आम्ही अक्षरशः तसाच केला, हलता. सरांचा फोटो, खाली पांढरी आवाजाची लहर आणि दर वीस सेकंदांनी बागेचं नवं छायाचित्र. लग्नाच्या व्हिडिओची सवय, पडदा रिकामा ठेवायची भीती. आबांनी पाच मिनिटं बघितलं आणि फोन पालथा ठेवून उरलेलं ऐकलं. "चित्रं बघत बसलो की ऐकायचं राहतंय," म्हणाले.

आधी लहरीचं सांगते, कारण ती सगळ्यात सोपी वाटते. सॉफ्टवेअरला फाइल दिली की लहर उमटते. पण आमची लहर सतत थरथरायची, डोळ्यांना त्रास व्हायचा. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने असतात आणि व्हिडिओच्या चौकटी २५. म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला १,९२० नमुने, जेमतेम ०.०४ सेकंदाचा आवाज. पुढच्या चौकटीत त्यातलं काहीच उरत नाही, सगळं नवं. म्हणून ती लहर न दिसता लुकलुकते. आम्ही खरी लहर दाखवणं सोडलं आणि आवाज किती मोठा आहे एवढंच उभ्या पट्ट्यांनी दाखवू लागलो. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचे कीफ्रेम, म्हणजे चौकटीगणिक पातळीचे आकडे, करून घेतो, मग पट्टी चढताना झटकन चढते आणि उतरताना सावकाश उतरते. चढण सावकाश ठेवली तर शब्द आधी आणि पट्टी नंतर असं होतं, बघणाऱ्याला लगेच खटकतं. उतरण झटकन ठेवली तर पुन्हा थरथर.

पट्ट्यांची जाडीही फोनने ठरवली. आमच्या मोठ्या पडद्यावर दोन पिक्सेलच्या नाजूक रेषा फार देखण्या दिसत. पण बागेत, कमी रेंजमध्ये व्हिडिओ ३६० वर उतरतो. १०८० चा ३६० झाला की दोन पिक्सेलची रेष एका पिक्सेलहूनही बारीक होते आणि नुसता करडा धूर उरतो. आता पट्टी चौदा पिक्सेलची, मध्ये तेवढीच फट. भाग पाठवण्याआधी ह्यांच्या जुन्या फोनवर ३६० ला बघायचा, हा आमच्याकडचा नियम.

दोघे बोलत असले की लहर खरी कामाला येते, कोण बोलतंय ते तीच सांगते. सरांच्या पट्ट्या केशरी, आबांच्या पांढऱ्या. त्यासाठी दोघांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत. सर दोन कॉलर माइक वापरत होते, पण दोघे एकाच बाजेवर बसायचे. आबांचा आवाज सरांच्या माइकमध्ये शिरायचा आणि आबा बोलताना दोन्ही रंग नाचायचे. आम्ही गेट लावला, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद. पण हा गेट फक्त पट्ट्या हलवणाऱ्या प्रतीवर. ऐकायच्या आवाजाला तोच लावला तेव्हा वाक्यांची शेवटची अक्षरं गिळली गेली. एकदा तसा भाग बाहेर गेला आणि सरांनी, हसत का होईना, ऐकवलंच. आता सर माइक लावून दोघांमध्ये चार हात अंतर ठेवतात. निम्मा प्रश्न तिथंच सुटला.

चित्रांचं काम माझी मावसबहीण करते. तिनं चित्रकला शिक्षकाचं ए.टी.डी. केलंय, शाळेत जागा मिळाली नाही. ऑक्टोबर छाटणीचा भाग ४२ मिनिटांचा होता. पहिल्या यादीत तिनं तीस चित्रं धरली होती. मी तिला भाग डोळे मिटून ऐकायला लावला. जिथं ऐकून डोळ्यांपुढं काही येत नाही, हात वर करावासा वाटतो, तिथंच वेळ लिहायची. अकरा ठिकाणं निघाली. औषधांची नावं, मजुरी, बाजारभाव यांना चित्र लागत नाही. तिथं नुसत्या पट्ट्या चालतात. पण "सबकेनच्या गाठीच्या पुढं डोळा राखून कात्री लावायची" हे वाक्य ज्यानं गाठ बघितली नाही त्याला कितीदा ऐकवलं तरी कळत नाही. सबकेन म्हणजे शेंडा खुडल्यावर पुढं वाढवलेली काडी, आणि डोळा म्हणजे काडीवरची कोंब फुटायची जागा.

त्या वाक्याला आम्ही चित्र काढलं. काडी, गाठ, डोळे, कात्री, सगळं वेगवेगळ्या थरांत. आबा 'काडी' म्हणतात तेव्हा काडी, 'गाठ' म्हणतात तेव्हा गाठीभोवती गोल, 'डोळा' म्हणतात तेव्हा एकच डोळा रंगतो आणि मग कात्री सरकत येते. तीन चित्रांच्या ऐवजी एक चित्र, चार वेळा हललेलं. सगळं मिळून वीस सेकंद. वस्तू शब्दाच्या किंचित नंतर आली तर चालते. आधी आली तर बघणारा ती काय आहे याचा अंदाज करत बसतो आणि त्याचं कान देणं सुटतं.

मोठ्या कौतुकानं पाठवलं. आबांचा फोन आला, "ताई, तुमची काडी उलटी लागलीय." मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं: पान गळालं की देठाची खूण काडीवर राहते आणि डोळा त्या खुणेच्या वर असतो, शेंड्याकडं तोंड करून. बहिणीनं खूण वर आणि डोळा खाली काढला होता. तिनं इंटरनेटवरचा फोटो समोर ठेवला होता आणि तोच मुळात उलटा धरलेला असावा. आम्हाला दिसलं नाही, पण ज्यांच्यासाठी भाग होता त्या प्रत्येकाला पहिल्याच सेकंदाला दिसलं असतं आणि पुढच्या चाळीस मिनिटांवरचा विश्वास गेला असता. दुसऱ्या दिवशी आबांनी खऱ्या काड्यांची मोळीच स्टुडिओत आणून टाकली. ती अजून खिडकीत आहे.

प्रकरणांच्या कार्डांनी आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. सुरुवातीला भागातल्या प्रत्येक प्रकरणाआधी त्याच्या शीर्षकाचं चार सेकंदांचं कार्ड, मागं संगीत, असं मध्येच घुसवलं. नऊ कार्डं. म्हणजे शेवटाला व्हिडिओ मूळ आवाजापेक्षा ३६ सेकंद लांब. सर बोलता बोलता "मघाशी दहाव्या मिनिटाला सांगितलं तसं" म्हणून गेले होते, ते चुकलं. मूळ आवाजावरून तयार केलेली उपशीर्षकं दर कार्डागणिक बोलण्याच्या आणखी चार सेकंद आधी येऊ लागली. तेव्हापासून कार्ड घुसवत नाही, चालू आवाजावर ठेवतो.

ठेवायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. माणूस वाचतो तेव्हा ऐकत नाही. म्हणून कार्ड श्वासाच्या जागेत यायला हवं. त्या जागा शोधायला एक आज्ञा वापरतो:

```
ffmpeg -i bhag.wav -af silencedetect=noise=-35dB:d=0.7 -f null -
```

०.७ सेकंदाहून मोठी प्रत्येक शांतता ती वेळेसकट लिहून देते. घरात रेकॉर्ड केलेल्या भागाला हे चोख चालतं. बागेत रेकॉर्ड केलेल्या भागात एकही शांतता सापडली नाही, कारण मागं मोटर चालू होती. तिथं -35 चं -28 केलं तेव्हा कुठं जागा निघाल्या. तरीही यादीतल्या बहुतेक जागा म्हणजे आबा तंबाखू मळायला थांबलेले असतात. नवा विषय कुठं सुरू होतो ते यंत्र सांगत नाही, ते ऐकूनच ठरवावं लागतं.

पण अशी शांतता असते सेकंदभराची, आणि कार्ड वाचायला तीन सेकंद लागतात. उरलेल्या दोन सेकंदांचं काय? त्यावर तोडगा सरांच्याच बोलण्यात सापडला. ते विषय बदलताना नेहमी प्रश्न विचारतात. कार्डावर आम्ही आमचं शीर्षक न लिहिता त्या प्रश्नातलेच तीन-चार शब्द घेतो: 'पेस्टिंग किती डोळ्यांना?' पेस्टिंग म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटायला त्यांना औषध लावणं. कार्ड प्रश्नाच्या अर्धा सेकंद आधी येतं, आणि कान जे ऐकतो तेच डोळे वाचतात, ओढाताण होत नाही. कार्डाखाली पट्ट्या चालूच असतात. थांबल्या तर व्हिडिओ अडकला असं वाटून लोक पडदा चाचपतात.

आणि मराठी! आमच्याकडच्या जुन्या टायटल टूलमध्ये 'द्राक्ष' लिहिलं की द चा पाय मोडका दिसायचा आणि 'किती'ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडं जाऊन बसायची. लग्नाची टायटलं आम्ही श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत करायचो, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. पण तसा मजकूर व्हिडिओखालच्या प्रकरणयादीत चिकटवला की नुसती अगम्य चिन्हं उमटतात. आता सगळं युनिकोडमध्ये. कार्डं बहीण चित्रासारखीच तयार करून देते, आणि ल आणि श मराठी वळणाचे असलेला फॉन्टच चालतो. हिंदी वळणाचा ल आला की सर लाल पेन शोधतात.

प्रकरणयादीचाही एक फटका खाल्ला. आमचं पहिलं प्रकरण ००:४५ ला सुरू होत होतं, कारण आधी सुरुवातीचं संगीत. यूट्यूबवर एकही प्रकरण दिसेना. पहिली वेळ ००:०० च लागते, किमान तीन प्रकरणं लागतात आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचं. 'सुरुवात' नावाची एक ओळ वर टाकली आणि सगळी दिसू लागली. दोन दिवस गेले होते त्यात.

आज महिन्याला सहा-सात भाग होतात. सरांचे चार, बाकी एका वकीलताईंचे आणि एका कीर्तनकारबुवांचे. चाळीस मिनिटांच्या भागाला आम्हाला साडेतीन दिवस लागतात, त्यातले दोन चित्रांचे. पैसे आम्ही मिनिटांवर घ्यायचो, त्यात तोटाच झाला. आता चित्रांच्या संख्येवर घेतो. बुवांच्या भागाला चित्रं दोनच असतात आणि त्यांना तेवढीच हवी असतात. लग्नंही करतो, पण फक्त ओळखीतली.

चित्र रंगवण्याआधी नुसती पेन्सिलची रेघाटी व्हॉट्सअॅपवर आबांना जाते. ते टाइप करत नाहीत, आवाज पाठवतात. परवाच्या चित्रावर आलेला निरोप सात सेकंदांचा होता: "डोळा बरोबर हाय. गाठ बरोबर हाय. कात्री तेवढी डावखुऱ्याची झालीय बघा."