तळव्याचं माप साडेआठ, बोटांचं नऊ: हातमोजे निवडताना

सायकलसाठी थंडीतले हातमोजे घ्यायचे म्हणून आधी मोजपट्टी काढली. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी, सांध्यांच्या उंचवट्यावरून पट्टी गुंडाळली. न आवळता, नुसती टेकवून. घेर आला २१.५ सेंमी. मग मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी: १९.२ सेंमी. दोन्ही हात मोजले आणि मोठं माप धरलं.

इथे एक घोळ हमखास होतो. हात टेबलावर पसरून पट्टी आडवी ठेवली तर रुंदी ८.५ सेंमी भरते. काही तक्ते रुंदी मागतात, काही घेर. रुंदी दुप्पट करून घेर काढायला जाऊ नये. १७ येतो आणि हाताची जाडी हिशोबातून निसटते.

ईएन ४२० या संरक्षक हातमोज्यांच्या, २०२० पर्यंत चाललेल्या युरोपीय मानकात ८ नंबरच्या हाताचा घेर २०३ मिमी आणि लांबी १८२ मिमी धरली होती, ९ नंबरला २२९ आणि १९२. नंबर म्हणजे इंचांतला घेरच. त्यामुळे माझा तळवा साडेआठचा ठरला आणि लांबी बरोबर ९ ची. बोटं लांब, तळवा सडसडीत, असा हात कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही.

अशा वेळी काम बघून ठरवायचं. थंडीच्या हातमोज्यात मी लांबीचं ऐकलं आणि ९ घेतला. बोट टोकाला टेकलं की अस्तर दाबलं जातं, त्यातली हवा जाते आणि तेवढाच भाग आधी गारठतो. हे हात सरळ ठेवून कळत नाही. हँडल धरल्यासारखी मूठ वळा. बोटांच्या पाठीवरून कापड ओढलं जातं आणि टोकाची मोकळी जागा संपते. मूठ वळल्यावरही टोकाशी थोडी जागा उरायला हवी. पण फार नको, नाहीतर रिकामं टोक ब्रेकच्या दांडीत अडकतं. आतून पातळ मोजे घालणार असाल तर ते घालूनच माप घ्या.

अर्ध्या बोटांच्या उन्हाळी मोज्यात लांबीचा प्रश्नच नाही, तिथे मी ८ घालतो. ते किंचित ताणून बसतात, ते चालतं. ९ घातला तर तळव्यावर चुणी पडते आणि पॅडखाली नेमकी ती चुणीच रुतते.

क्रिकेटच्या बॅटिंग ग्लोव्हजचे तक्ते बहुधा मनगट ते टोक या लांबीवर असतात. पण बॅट धरून पाहिल्याशिवाय निर्णय नको: बोटांवरच्या गाद्यांमधल्या फटी आपल्या पेरांच्या सांध्यांवर आल्या पाहिजेत. ग्लोव्ह लांब असला तर फट सरकून पेराच्या मध्यावर येते. मग गादी वाकत नाही, मूठ अर्धवट मिटते आणि चेंडू बसतो तो नेमका फटीत.