वीज काढण्याआधी अंधार हवा

"आम्हीही फोटोशॉपमध्ये तेच ब्रश वापरतो, लेअरला स्क्रीन मोड लावतो, तरी आमची वीज फोटोवर चिकटवल्यासारखी का दिसते?"

कारण तुम्ही सुरुवातच विजेपासून करता. मी वीज सगळ्यात शेवटी काढते. तोवर कामाचा पाऊण भाग उरकलेला असतो.

मागच्या एका पोस्टरचंच सांगते. एकांकिका करणाऱ्या एका हौशी ग्रुपने जानेवारीत सकाळी दादर चौपाटीवर फोटो काढला होता. पुढे दोन नट, बाजूला नारळाची झाडं, मागे समुद्र आणि सी लिंक. आकाश एकदम धुतल्यासारखं, ढगाचा ठिपकाही नाही. दिग्दर्शक पोराचं म्हणणं, "ताई, यात वादळ पाहिजे." फोटो पाहून मी हो म्हटलं ते एकाच कारणासाठी. त्या वेळी सूर्य अजून मागच्या इमारतींच्या आड होता, त्यामुळे वाळूवर नटांच्या सावल्या पडलेल्या नव्हत्या. भर उन्हातला फोटो असता तर मी सरळ परत पाठवला असता. आकाश बदलता येतं, पण नाकाखाली पडलेली उन्हाची कडक सावली घालवायची म्हणजे अख्खा चेहरा नव्याने रंगवायचा.

आता तुमच्या स्क्रीन मोडकडे येते. हा मोड काळं गाळून टाकतो आणि उजळ भर घालतो, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण ही भर खाली शिल्लक असलेल्या अंधाराच्या प्रमाणात पडते. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरा. त्या फोटोत क्षितिजाजवळचं आकाश २०० च्या आसपास होतं. त्यावर १२८ चा राखाडी प्रकाश स्क्रीनने टाकला तर आकाश होतं २२८, म्हणजे जेमतेम २८ ची वाढ. तोच प्रकाश ५० च्या काळपट आकाशावर टाकला तर १५३, म्हणजे १०३ ची वाढ. ब्रश तोच, मोड तोच. पहिल्या आकाशात विजेभोवतीचं तेज दिसतच नाही, नुसती पांढरी रेघ उरते. हीच ती चिकटवलेली वीज.

म्हणून आधी आकाश उतरवायचं. फाइल १६ बिटमध्ये घ्या, कारण स्वच्छ निळं आकाश ८ बिटमध्ये ताणलं की त्यात पायऱ्या पडतात आणि छपाईत त्या हमखास दिसतात. मग कर्व्ह्जने वरचा भाग साठ-सत्तरपर्यंत खाली आणला आणि निळ्याचं सॅच्युरेशन निम्म्याहून जास्त काढून टाकलं. क्षितिजालगतची फिकट पट्टी मात्र राहू दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्राकडे बघा, ढगांचा तळ काळाकुट्ट असतो आणि त्याखाली, लांब पाण्यावर, उजेडाची एक चीर उरलेली असते. ती बुजवली की वादळ न दिसता रात्र दिसायला लागते.

ढगांसाठी मी मल्टिप्लाय मोडचा लेअर घेते. त्याचं गणित साधं आहे, दोन्ही आकडे गुणायचे आणि २५५ ने भागायचं. २०० च्या आकाशावर ९० चा राखाडी फिरवला की साधारण ७० येतात. नारळाची झावळी मुळात २५ असेल तर ती ९ वर जाते, म्हणजे काळी होती ती काळीच राहते. त्यामुळे झावळीचं एकेक पातं मास्क करत बसावं लागत नाही. ढग आपोआप झाडामागे जातो. मास्क फक्त नटांना आणि सी लिंकला लागला.

ब्रश विकत घेतलेला नाही, घरच्या गॅलरीतून काढलेल्या ढगांच्या फोटोचा आहे. फोटो कृष्णधवल करायचा, लागल्यास इन्व्हर्ट करायचा (ब्रशमध्ये काळं तेवढं उमटतं, पांढरं सुटतं), कडा पूर्ण पांढऱ्या होईपर्यंत पुसायच्या आणि डिफाइन ब्रश प्रीसेट. कडा नीट पुसल्या नाहीत तर प्रत्येक फटकाऱ्याबरोबर आकाशात चौकोन उमटतो. ओपॅसिटी पूर्ण ठेवते, फ्लो १०-१२ टक्के, म्हणजे ढग थराथराने चढतो.

यात एक चूक मी वर्षभर केली. जिवंतपणा यावा म्हणून अँगल जिटर शंभरवर ठेवायचे. ढग तर बरे दिसायचे, पण वादळ काही वाटेना. शेवटी एका संध्याकाळी खिडकीत चहा पिताना उमगलं. गडगडाटी ढगाचा तळ सपाट असतो आणि फुगवटा वर. माझा ब्रश गरगरत फिरत असल्यामुळे कुठल्याही ढगाला वर-खाली असं काही उरतच नव्हतं, नुसता कापूस पिंजल्यासारखा. आता अँगल जिटर दहाच्या आत ठेवते, फ्लिप एक्स जिटर चालू, फ्लिप वाय जिटर बंद. डावं-उजवं उलटलं तरी बिघडत नाही, डोकं-पाय उलटले की संपलं. शिवाय डोक्यावरचे ढग मोठ्या ब्रशने काढायचे, आणि क्षितिजाकडे जाताना ब्रश लहान करत त्यांचे थर चपटे आणि दाट करत न्यायचे. ते केलं नाही तर आकाश भिंतीसारखं उभं राहतं.

मध्येच दिग्दर्शकाचा फोन, "पाऊस पण टाका ना, जुलैसारखा." अरे बाबा, मुंबईत जुलैच्या संततधारेत विजा फारशा नसतातच. सगळं आकाश एकसारखं करडं आणि पाणी धो धो. विजेचा खेळ चालतो तो वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात. पाऊस टाकला नाही. वाळू तेवढी ओली केली.

आता वीज. काळ्याने भरलेला नवा लेअर, मोड स्क्रीन, त्यावर पांढरा, कडक कडांचा गोल ब्रश. सहा हजार पिक्सेल रुंद चित्राला पाच पिक्सेलचा ब्रश पुरला. स्मूदिंग शून्य करा, नाहीतर सॉफ्टवेअर तुमचे कोपरे घासून गुळगुळीत करतं आणि वीज गांडुळासारखी वळवळते. हात वरून खाली न्यायचा. वळणं बारीक आणि असमान हवीत. डीपीवरच्या 'सावधान' पाटीवर असतो तो बाण डोक्यातून काढून टाका. फांद्या खालच्या दिशेनेच फुटतात, जाता जाता अंधूक होतात आणि पुन्हा खोडाला येऊन मिळत नाहीत. मुख्य खोड मात्र खाली येताना निमुळतं करायचं नाही. झाडाच्या मुळासारखी टोकदार वीज बहुतेकजण काढतात, पण ढगापासून जमिनीपर्यंत पोचलेल्या विजेचं खोड फोटोत वरपासून खालपर्यंत जवळपास सारख्याच तेजाचं असतं. वरचं टोक ढगाच्या तळात मास्कने विरघळवलं. आणि वीज सी लिंकच्या पलीकडे पडते आहे म्हटल्यावर ती पुलाच्या खांबापेक्षा बरीच बारीक हवी.

तेजासाठी त्याच लेअरच्या तीन प्रती काढल्या आणि त्यांना ६, ३० आणि १५० पिक्सेलचा गॉशियन ब्लर दिला. गाभा पांढराच ठेवला, मधल्या प्रतीला निळसर आणि सगळ्यात पसरट प्रतीला किंचित जांभळी छटा, आणि ओपॅसिटी बाहेर जाताना कमी कमी. लेअर काळ्याने भरलेला असल्यामुळे ब्लरच्या कडा कुठे तुटत नाहीत.

इतकं करूनही वीज ढगाच्या पुढ्यात टांगलेली दिसते, कारण ढगाला तिची खबरच नसते. तिथे मी स्क्रीन सोडते आणि कलर डॉज घेते. ढगाचा उजळ फुगवटा ७० आणि त्यातली खाच २० आहे असं समजा. त्यावर १०२ चा प्रकाश स्क्रीनने टाकला तर ते १४४ आणि ११४ होतात. पन्नासाचा फरक तिसावर येतो आणि ढगावर धुकं बसतं. कलर डॉजने तेच ११७ आणि ३३ होतात. फुगवटा उजळतो, खाच काळी राहते, आणि प्रकाश ढगाच्या आतून आल्यासारखा वाटतो. फक्त रंग गडद जांभळट राखाडी घ्या आणि फ्लो पाच-सात टक्के. हा मोड जरा जास्त झाला की ढगात इस्त्रीचा चटका बसल्यासारखा डाग पडतो.

सगळं झाल्यावर मी चित्रावर एक कृष्णधवल लेअर टाकून बघते. बघितलं तर चित्रात सगळ्यात आधी वीज दिसतच नव्हती, दिसत होता उजवीकडच्या नटाचा पांढरा कुडता. २४० वर! एवढ्या काळ्या आकाशाखाली इतकं पांढरं काही असूच शकत नाही. तो १५० वर आणला, समोरच्या बाजूने थोडा निळसर केला. मग दुसरा चोर सापडला तो सी लिंकवर. वाळू सावलीत असली तरी पुलाच्या वरच्या भागावर सकाळचं सोनेरी ऊन आलेलं होतं. तेवढ्या भागातला पिवळा काढून तो शिशासारखा केला. समुद्रही अजून जानेवारीचा निळा होता, त्याला आकाशाचाच करडा दिला आणि विजेच्या बरोबर खाली, लाटांवर तुटत तुटत आलेली एक अंधूक उभी रेघ. ओल्या वाळूवर तिचा अगदी पुसट अंश.

शेवटी दाणा. कॅमेऱ्याच्या फोटोत बारीक दाणा असतो, रंगवलेल्या ढगात तो नसतो, आणि झूम करणाऱ्याला तिथेच कळतं. ५० टक्के राखाडीचा लेअर ओव्हरले मोडमध्ये टाकून त्यात थोडा नॉइज घातला, वाळूवरच्या दाण्याशी जुळेपर्यंत. छापायला देताना सगळे लेअर आधी एकत्र करा आणि मगच सीएमवायके करा. हे मोड ज्या रंगपद्धतीत असतील त्या आकड्यांवर चालतात, लेअर तसेच ठेवून रूपांतर केलं की तेज भलतंच दिसतं. जांभळी छटा छपाईत मळते हे गृहीत धरून मी ती आधीच निळ्याकडे झुकवली होती.

फाइल पाठवल्यावर तासाभरात मेसेज आला, "ताई, भारी! डावीकडे तीच वीज अजून एकदा टाकता येईल?" दुसरी वीज एकाच फोटोत येऊ शकते, पण तीच नाही. दोन विजांना सारख्याच फांद्या असल्या की बघणाऱ्याला स्टॅम्प दिसतो. शिवाय दुसरी काढायची तर तिचा ढगावरचा उजेड वेगळा, पाण्यावरची रेघ वेगळी. त्याला मी कळवलं, "दुसरी हवी असेल तर आणखी एक दिवस लागेल." त्याने एकीवरच भागवलं.