लस टोचल्यानंतरचे 21 दिवस: लम्पीत गोठा सांभाळताना

ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पीची जनावरं दिसली आणि पुढच्या महिन्यात तो नगर जिल्ह्यात आमच्या भागापर्यंत पोचला. आमच्या गोठ्यात होल्स्टीन संकरित गाई, खिल्लार बैलांची एक जोडी आणि लहानमोठी वासरं. सरकारी दवाखान्याकडून सगळ्यांना लस झाली आणि त्यानंतर आठवडा उलटायच्या आत एका कालवडीच्या अंगावर गाठी आल्या. गावात लगेच बोललं जाऊ लागलं की लसीमुळेच लम्पी झाला. खरं कारण वेगळं आहे आणि ते समजलं तरच पुढचे तीन आठवडे नेमकं काय करायचं ते कळतं.

आपल्याकडे तेव्हा दिली गेलेली लस शेळ्यांच्या देवीवरची होती. शेळीच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू एकाच गटातले असल्यामुळे ती गाईबैलांना संरक्षण देते. मात्रा 1 मिली, मानेच्या कातडीखाली. मात्र पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण 21 दिवस लागतात. उलट विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुतेक वेळा 4 ते 14 दिवस जातात, कधी त्याहून जास्त. म्हणजे आमच्या कालवडीला लस टोचली तेव्हाच तिच्या अंगात रोग होता, किंवा पुढच्या एकदोन दिवसांत माशीने तो आणला. लसीची म्हणून येणारी सूज टोचल्या जागी येते, थोडा ताप येतो, दूध जरासं घटतं आणि ते आपोआप निवळतं. अंगभर मोठ्या गाठी, नाकाडोळ्यांतून पाणी आणि पायांवर सूज दिसली तर तो रोगच धरायचा.

लसीकरणाच्या वेळी आम्ही तीन गोष्टींकडे लक्ष ठेवलं. लस जिवंत विषाणूची असल्याने ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. पूड ज्या द्रावणात विरघळवतात तेही थंडच हवं. एकदा विरघळवली की बर्फावर, उन्हापासून दूर ठेवून दोन तासांत संपवायची आणि उरलेली दुसऱ्या वस्तीवर न्यायची नाही. टोचायच्या जागी स्पिरिटचा ओला बोळा फिरवला किंवा सुई जंतुनाशकात बुडवली तर लसीतला विषाणूच मरतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक जनावराला नवी सुई. साथ चालू असताना एकाच सुईने सगळी दावण टोचली आणि मधलं एक जनावर लागण झालेलं असलं, तर त्याच्या रक्तातून रोग पुढच्यांना जातो. सुया कमी पडत होत्या म्हणून आम्ही बाहेरून विकत आणल्या, आणि तो खर्च मला सगळ्यांत सत्कारणी लागलेला वाटतो. आजारी किंवा ताप असलेल्या जनावराला लस देत नाहीत, म्हणून आधी सगळ्यांचे ताप मोजून घेतले होते.

ताप मोजणं हेच पुढेही सकाळ-संध्याकाळचं काम झालं. गाईचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. लम्पीत ते 104 ते 106 पर्यंत चढतं, आणि गाठी त्यानंतर एकदोन दिवसांनी उठतात. त्यामुळे गाठी दिसायची वाट पाहिली तर जनावर वेगळं करायला उशीर होतो. ताप, डोळ्यांतून पाणी, अचानक घटलेलं दूध आणि खांद्यापुढची किंवा मागच्या मांडीपुढची लसिकाग्रंथी हाताला मोठी लागणं, एवढ्यावर आम्ही जनावर बाजूला काढत होतो. चाव्याच्या पित्तानेही अंगावर दधोडे उठतात; पण ते मऊ, पसरट असतात आणि बहुधा दिवसाभरात बसतात. लम्पीची गाठ गोल, टणक, 2 ते 5 सेंटिमीटरची, कातडीच्या पूर्ण जाडीत रुतलेली असते आणि तिच्यावरचे केस ताठ उभे राहतात. बोटांनी एकदा चाचपली की फरक लक्षात राहतो.

आता माशीकडे येतो, कारण त्या 21 दिवसांत खरी लढाई तिच्याशी होती. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो. घरातल्या माशीसारखीच दिसणारी, पण टोकदार सोंड पुढे काढलेली आणि बसली की डोकं वर धरणारी जी माशी असते, ती जनावराच्या पायांवर आणि पोटाखाली बसून रक्त पिते. चावा दुखतो, जनावर पाय आपटतं, माशी उडते आणि अर्धवट राहिलेलं पोट शेजारच्या जनावरावर भरते. सोंडेला लागलेला विषाणू असाच एका दावणीत फिरतो. म्हणून दुसऱ्या दाव्याला बांधणं म्हणजे वेगळं करणं नव्हे. आम्ही कालवडीला गोठ्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, मच्छरदाणीच्या जाळीने चारी बाजू बंद केलेल्या निवाऱ्यात ठेवलं. जाळी जमिनीपर्यंत टेकवून कडेला माती ओढली, कारण माशी खालूनच शिरते.

ही माशी अंडी घालते ती ओल्या, कुजत्या चाऱ्यात. गव्हाणीखाली सांडलेली कुट्टी, मूत आणि शेण एकत्र भिजलेली जागा, मुरघासाच्या खड्ड्याची कडा ही तिची घरं. ताज्या शेणाच्या पोपेक्षा हे मिश्रण तिला जास्त मानवतं. गोठा वरवर स्वच्छ दिसतो आणि गव्हाणीच्या मागच्या कोपऱ्यात अळ्या वळवळत असतात, हे बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. अंड्यापासून माशी व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत दोन ते तीन आठवडे लागतात. तेव्हा आजच्या साफसफाईचा फायदा दोन-तीन आठवड्यांनी दिसतो आणि उडत्या माश्यांसाठी फवारणी वेगळी करावीच लागते. आम्ही गव्हाणीखालचा गाळ रोज काढून उकिरड्यावर टाकला आणि उकिरडा प्लॅस्टिकच्या कागदाने घट्ट झाकला. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. फवारणीचं औषध डॉक्टरांनी सांगितलं तेच, बाटलीवरच्या प्रमाणात, आणि पाठीऐवजी पाय व पोटाखाली जास्त. जखमा झालेल्या जनावरावर हे औषध मारायचं नाही. भिंतीच्या भेगांत गोचिडांची अंडी असतात, तिथेही फवारा दिला. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. त्याने डास थोडा वेळ हटतात, यापेक्षा त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये.

गोठा धुवायला 2 ते 3 टक्के सोडियम हायपोक्लोराईट वापरलं. बाजारात 5 टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घातलं की अडीच टक्क्यांचं होतं. आधी शेण खरवडून पाण्याने धुवायचं आणि मगच औषध, कारण शेणात ते वाया जातं. कामाचा क्रम ठरलेला: निरोगी जनावरांची धार, चारा, शेण आधी, आजारी जनावर शेवटी, तिथली बादली, चप्पल आणि कपडे तिथेच. गावातली जनावरं ज्या ओढ्यावर पाणी पितात तिथे आमची नेणं बंद केलं. बाजार तर शासनानेच बंद ठेवले होते.

विषाणू मारणारं औषध नाही, त्यामुळे कालवडीचा उपचार म्हणजे तापावर, जखमांच्या संसर्गावर आणि खाण्यावर लक्ष. ताप व वेदनेचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं डॉक्टरांनी दिली. घरच्या माणसांच्या हातात राहिलं ते पाजणं आणि शुश्रूषा, आणि इथेच बरीच जनावरं हातची जातात. गाठी तोंडात, घशात आणि श्वासनळीतही होतात. अशा जनावराचं तोंड वर करून बाटलीने औषध किंवा पेज ओतली की ती फुफ्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. जनावर बरं होता होता अचानक धापा टाकू लागलं, नाकातून खाल्लेलं येऊ लागलं, तर हेच झालेलं असतं. आम्ही काहीही ओतलं नाही. मऊ हिरवा चारा, लसूणघास बारीक करून, गुळाचं पाणी समोर ठेवून, थोडं थोडं पण दिवसातून अनेकदा दिलं.

पायांवर आणि गळ्याखाली पोळीत पाणी उतरलं तेव्हा तिला बसायला-उठायला त्रास होऊ लागला. खाली वाळू आणि त्यावर जाड पेंढा टाकला, बसली की दर दोन-तीन तासांनी कूस बदलली, उठवताना शेपटी न ओढता छातीखाली पोत्याची झोळी घेतली. पुढे गाठी मधून काळ्या पडल्या आणि काही ठिकाणी कातडीचा गोळा निघून खोल खळगा राहिला. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने ते रोज धुतले, पोव्हिडोन आयोडीन लावलं, कडेला कडुलिंबाचं तेल. एका खळग्यात अळ्या दिसल्या तेव्हा टर्पेंटाईनचा बोळा ठेवला आणि बाहेर आलेल्या अळ्या चिमट्याने वेचल्या. गळून पडलेल्या खपल्या गोळा करून जाळल्या, कारण त्यांत विषाणू महिनाभरापेक्षा जास्त टिकू शकतो.

दुभती गाय आजारी पडली असती तर सडांच्या गाठींकडे आधी बघावं लागलं असतं. दुखऱ्या सडातून दूध पूर्ण निघत नाही आणि दगडी होते. अशा वेळी वासरू आईला न लावता दूध उकळून, कोमट करून पाजायचं. माणसाला लम्पी होत नाही. उकळलेलं दूध चालतं, फक्त प्रतिजैविक चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते डेअरीला घालायचं नाही. वळू बरा झाला तरी काही आठवडे त्याच्याकडून गाय भरवू नये, वीर्यातून विषाणू जातो.

लम्पीचा संशय आला तरी दवाखान्याला कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आमच्या भागात ते लवकर कळल्यामुळे 5 किलोमीटरच्या घेऱ्यातल्या जनावरांना लस झाली. दगावलेल्या जनावराला राज्याने तेव्हा मदत दिली: दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये. ती मिळायला जनावराच्या कानातला बिल्ला आणि पशुवैद्यकाने केलेला पंचनामा लागत होता, त्यामुळे मेलेलं जनावर डॉक्टर येण्याआधी पुरू नये.

वर्षभराने, 2023 च्या पावसाळ्यात पुन्हा साथ आली तेव्हा वासरं जास्त आजारी पडली. मागच्या लसीकरणानंतर जन्मलेली ती, लस न मिळालेली. चिकातून आलेलं आईचं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं, म्हणून चार महिने पूर्ण झाले की वासराला लस, आणि मोठ्या जनावरांना दरवर्षी, तीही पावसाळ्याच्या किमान महिनाभर आधी. आमच्या गोठ्यात आता प्रत्येक वासराच्या जन्माच्या नोंदीशेजारीच लसीची तारीख लिहून ठेवतो.